स्वतःस पाठविलेली स्मरणपत्रे

शनिवारी दुपारी सव्वादोन वाजता चिंतामणी बांदिवडेकर यांनी आपल्याच निधनाची बातमी वाचली, आणि वाचताना सवयीने प्रथम तिच्यातली चूक शोधली.

चूक होती. वय अठ्ठावन्न लिहिले होते. चिंतामणी सत्तावन्नाचे होते. अठ्ठावन्न पूर्ण व्हायला डिसेंबर उजाडायला हवा होता, आणि हा ऑगस्ट होता. त्यांनी मजकुरावर बोट दाबून धरले, पण संदेशात दुरुस्ती करण्याचा पर्याय आला नाही. संदेश पाठवून पंधरा मिनिटे उलटली की तो पर्याय निघून जातो, हे त्यांना ठाऊक होते. या पंधरा मिनिटांबद्दल त्यांची जुनी तक्रारही होती. तेव्हा त्यांनी सगळा मजकूर उचलला, खालच्या रकान्यात डकवला, ‘५८’ खोडून ‘५७’ केले आणि पाठवला. दोन निळ्या खुणा उमटल्या. मग ते टेबलावरचा चहा घ्यायला वळले, आणि तिथेच, कपाच्या कानात बोट अडकलेल्या अवस्थेत, आपण आता काय केले हे त्यांना कळले.

बातमी अशी होती: ‘गिरगावातील जुने रहिवासी व मंडळाचे सहकार्यवाह श्री. चिंतामणी दत्तात्रेय बांदिवडेकर यांचे दि. …… रोजी राहत्या घरी अल्पशा आजाराने निधन झाले. मृत्युसमयी त्यांचे वय ५८ वर्षांचे होते. त्यांच्या पश्चात ……’ आणि पुढे काहीच नव्हते. टिंबे होती, नंतर कोरी जागा.

ही बातमी त्यांना कोणी पाठवलेली नव्हती. ती त्यांच्या स्वतःच्या वहीत होती.

वही म्हणजे व्हॉट्सॲपमधला तो संवाद, ज्यात माणूस स्वतःलाच संदेश पाठवतो. वर त्यांचेच नाव, त्यापुढे कंसात ‘तुम्ही’. तीन वर्षांपूर्वी ही सोय आली तेव्हा चिंतामणींनी ती सर्वांत वर टाचून ठेवली होती, कारण पन्नाशीनंतरच्या आयुष्यात आपले म्हणणे मुकाट्याने ऐकून घेणारा हा पहिलाच इसम त्यांना भेटला होता. जिन्यात चपलांचे स्टँड ठेवून वाट अडवणाऱ्या शेजाऱ्यांची छायाचित्रे तिथे होती. पालिकेच्या तक्रार-संकेतस्थळाचा दुवा होता. वीजबिलांच्या फाइली, गॅस नोंदवायची तारीख, चष्म्याचा नंबर, विभाग कार्यालयातल्या एका उर्मट कारकुनाने उच्चारलेले नेमके वाक्य, तारीखवार, अवतरणचिन्हांसह. दिवसभरात हाताला जे लागेल ते चिंतामणी तिथे टाकत, आणि लागेल तेव्हा वर शोधचौकटीत एक शब्द घालून काढत.

आणि तिथेच निधनवार्ताही होत्या.

विमा कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर चिंतामणी शेजारधर्म साहाय्यक मंडळाचे सहकार्यवाह झाले होते. मंडळाचे सभासद एकेकाळी एकाच वाडीत राहत. आता वाडीच्या जागी सत्तावीस मजले उभे होते आणि सभासद डोंबिवलीपासून विरारपर्यंत पांगले होते. वार्षिक सभेला पस्तीस माणसे येत. एकमेकांचे काय चालले आहे याची चौकशी कोणी करत नसे. मात्र कोणी गेले की बातमी अकराशे जणांना पोचलीच पाहिजे, हा आग्रह अजून शिल्लक होता. मंडळाच्या अस्तित्वाचे तेवढेच एक कारण उरले होते, असे चिंतामणी भर सभेत बोलले होते आणि त्याबद्दल कोणीही त्यांचा निषेध केला नव्हता.

एकदा घाईगडबडीत बकुळाबाईंच्या बातमीत धाकट्या सुनेचे नाव गळले. त्यावरून तेराव्यापर्यंत भांडण चालले. तेव्हापासून चिंतामणींनी एक पद्धत घातली. सभासद रुग्णालयात दाखल झाल्याचे कळले, की त्याची बातमी शांतपणे आधीच लिहायची, नावे नात्यातल्या कोणाकडून तरी तपासून घ्यायची, तारखेची जागा तेवढी मोकळी सोडायची, आणि स्वतःच्या वहीत ठेवून तिच्यावर तारा उमटवायचा. वेळ आली की तारीख भरायची आणि पाठवून द्यायची. तारांकित संदेशांची यादी उघडली की एकाखाली एक अशी जिवंत माणसे ओळीने दिसत. कोणी बरा होऊन घरी आला तरी चिंतामणी मजकूर पुसत नसत. तारा तेवढा काढून घेत.

‘दुःखद निधन’ हा प्रयोग त्यांनी मंडळातून हद्दपार केला होता. सुखद निधन असते काय, असा त्यांचा प्रश्न असे. ‘राहत्या घरी’, ‘मृत्युसमयी’, ‘त्यांच्या पश्चात’ हा क्रम त्यांचा होता. आज त्यांच्यासमोर असलेल्या मजकुरात तो क्रम काटेकोर पाळलेला होता. ‘दुःखद’ नव्हते. पूर्णविराम जिथल्या तिथे होते. हे कोणी तिऱ्हाइताने लिहिलेले नव्हते; हे त्यांनीच लिहिले होते, फक्त त्यांना ते आठवत नव्हते.

संदेशाखाली वेळ होती: सकाळी ११.४२. त्या वेळी चिंतामणी विभाग कार्यालयात रांगेत उभे होते, आणि फोन शर्टाच्या खिशात होता.

*

हे आजच सुरू झाले नव्हते, आणि ती खरी भीती होती.

तीन आठवड्यांपूर्वी वहीत एक ओळ सापडली होती: ‘स्मरणपत्र क्र. १: अनुजाला फोन करणे.’ अनुजा म्हणजे त्यांची धाकटी बहीण. ती दादरला राहते. वाडीच्या पुनर्विकासाच्या संमतिपत्रावर तिने दादाला न विचारता सही केली, या गोष्टीला सहा वर्षे झाली होती, आणि सहा वर्षांत दादा तिच्याशी एक शब्दही बोललेला नव्हता. ‘अनुजाला फोन करणे’ ही नोंद मात्र वहीत होती. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीतली. मग पुढच्या भाऊबीजेची. मग एका साध्या मंगळवारची, कारणाशिवाय. या नोंदी चिंतामणींनीच केल्या होत्या, आणि त्यांचे पुढे काही झाले नव्हते. कारण ही वही लिहिलेले जपून ठेवते, पण आपण होऊन कधी हाक मारत नाही. स्वतःला पाठवलेल्या संदेशाची घंटा वाजत नाही.

‘स्मरणपत्र’ हा शब्दही त्यांचाच. सरकारदरबारी एक अर्ज करून भागत नाही. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र एक, पुढे दोन, तीन, प्रत्येकावर मागच्याचा संदर्भ. विभाग कार्यालयात त्यांच्या नावाची एक जाडजूड फाइल होती. पण स्वतःला स्मरणपत्र? आपण हे कधी लिहिले, असे मनाशी म्हणत त्यांनी ती ओळ तशीच राहू दिली. आठवड्याने क्र. २ आले. ‘संदर्भ: क्र. १.’

वडिलांचे शेवटचे दिवस त्यांना आठवले. दत्तात्रेय बांदिवडेकर कॅलेंडरच्या पाठीवर स्वतःसाठी चिठ्ठ्या लिहीत, आणि दुसऱ्या दिवशी ‘हे कोणी लिहिलं? माझ्या घरात कोण येतंय?’ म्हणून सर्वांना फैलावर घेत. अक्षर दाखवले तर म्हणत, ‘माझ्यासारखं काढलंय लेकाच्यानं.’ चिंतामणींनी तेव्हा वडिलांना समजावले होते. बऱ्याच मोठ्या आवाजात समजावले होते.

आता त्यांचा स्वतःचा आवाज चार महिन्यांपासून बसला होता. सुंठ झाली, ज्येष्ठमध झाले, मग गल्लीतले डॉक्टर, मग परळचे मोठे डॉक्टर. त्यांनी नळी घालून स्वरयंत्र पाहिले आणि तिथला एक कण काढून तपासायला पाठवला. अहवालाची फाइल एका मंगळवारी दुपारी प्रयोगशाळेकडून फोनवर आली. चिंतामणींनी ती न उघडता स्वतःच्या वहीत पुढे पाठवली. उघडून पाहू सावकाश, असे त्यांनी ठरवले. फाइलच्या पहिल्या पानाचे टपाल-तिकिटाएवढे चित्र त्यांना दिसे. त्यात त्यांचे नाव आणि एक तक्ता आहे एवढे कळे, अक्षरे लागत नसत. त्यांनी ते मोठे करून पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी तिच्याखाली गॅसची नोंद पडली, मग एक दुवा, मग चपलांच्या स्टँडचे नवे छायाचित्र, आणि फाइल हळूहळू वर सरकत दिसेनाशी झाली. परळच्या डॉक्टरांनी दिलेली तारीखही गेली. एका बाबतीत ही वही फार उपकारक होती: तिच्यात टाकले की काम केल्यासारखेच वाटे.

चार दिवसांनी वहीत ओळ आली: ‘स्मरणपत्र क्र. १: अहवाल उघडणे.’

अनुजाच्या स्मरणपत्राला निदान मूळ नोंद होती. याला मूळ नव्हते. अहवालाबद्दल चिंतामणींनी वहीत एक अक्षरही लिहिले नव्हते. कोणाशी बोललेही नव्हते. हे फक्त त्यांना ठाऊक होते. म्हणजे हे लिहिणारा तेच असणार. आणि ते लिहीत नव्हते.

आता त्यात ही बातमी.

चहा गार झाला. चिंतामणींनी फोन उचलला, आणि त्यांच्यासारख्या माणसाला न शोभणारी एक गोष्ट केली. वहीत लिहिले:

‘कोण आहे?’

पाठवताक्षणी दोन निळ्या खुणा. वाचले गेले. या वहीत प्रत्येक संदेश लिहिताक्षणी वाचलेलाच असतो. लिहिणारा आणि वाचणारा एकच, म्हणून. एरवी या गोष्टीचा त्यांनी विचारही केला नसता. आज ते त्या दोन निळ्या रेघांकडे पाहत बसले. वाचले गेले आहे. उत्तर मात्र आले नाही. संध्याकाळी नाही, रविवारी दिवसभर नाही. रविवारी त्यांनी फोन कपाटात ठेवला, आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने कपाट उघडून पाहिला.

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी उत्तर आले होते. उजव्या बाजूला, हिरव्या चौकटीत, त्यांच्याच नावाने.

‘मी आहे.’

*

घरात थांबणे शक्य नव्हते. चिंतामणींनी शर्ट चढवला आणि मंडळाच्या कार्यालयाची वाट धरली. ही त्यांची वेळ नव्हती. ते संध्याकाळी पाच ते सात बसत. सकाळी अकरा ते दोन कालिंदी पेडणेकर या लालबागहून येणाऱ्या बाई कारकुनी पाहत. दोघांची गाठ सहामाहीतून पडे. बाकी व्यवहार नोंदवहीतून चाले: ‘पेडणेकरबाई, लिफाफे संपले आहेत.’ ‘सर, आणले.’ चिंतामणींना त्या वेळी कारकून नको होता, कोणीतरी जिवंत माणूस हवा होता.

जिवंत माणूस दारातच भेटला. लवू घाडी, वय वर्षे एक्क्याऐंशी, गिरणीतले जुने जॉबर, म्हणजे मुकादम, कार्यालयाच्या पायरीवर पेपर वाचत बसले होते. दोन वर्षांपूर्वी लवूंना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा चिंतामणींनी त्यांची बातमी रीतसर तयार केली होती. लवू परत आले. कोणाच्या तरी तोंडून त्यांना ही हकीकत कळली आणि तेव्हापासून त्यांनी चिंतामणींचा पिच्छा सोडला नव्हता.

‘काय रे चिंतामण, माजा लिवन ठेवलंस ता खयसर आसा?’

‘आहे जागेवर.’ घशातून अर्धाच आवाज निघाला.

‘दोन वर्सां झाली तेका. मी हयसरच आसंय. वय वाढवलंस काय नाय?’

‘लवूकाका, आत्ता नको.’

‘नको काय! उद्या फुकट चूक जातली पेपरात.’ लवूंनी चष्म्यावरून वर पाहिले, आणि त्यांचा सूर बदलला. ‘तुजो आवाज खय गेलो? आणि तोंड असा कित्याक? मेलेलो मानूस बगितलंस काय?’

चिंतामणी आत गेले.

कार्यालयाच्या खोलीत दिवसाही ट्यूब लावावी लागे. भिंतीवर संस्थापकांच्या तसबिरी, खाली कपाट, कपाटाशेजारी संगणक. पेडणेकरबाई दाराकडे पाठ करून बसल्या होत्या. चिंतामणींची पावले त्यांनी ऐकली नाहीत. पडद्यावर एक लांब हिरवा रकाना होता, सगळ्या चौकटी उजवीकडे. चिंतामणींनी चार पावलांवरूनच ओळखला. चपलांचे स्टँड. गॅस. विभाग कार्यालयाचा दुवा. ‘कोण आहे?’ ‘मी आहे.’ आणि तळाशी, लिहिण्याच्या जागेत, बाईंची दोन बोटे एक-एक कळ दाबत होती: ‘स्मरणपत्र क्र. २: अहवाल उघ…’

चिंतामणींच्या खिशातल्या फोनमध्ये, त्यांच्याच नावाने, ते शब्द आता उमटणार होते.

‘पेडणेकरबाई.’

बाई दचकून वळल्या. मग उभ्या राहिल्या. ‘सर, तुम्ही? या वेळी?’

‘हे काय चाललं आहे?’ त्यांना ओरडायचे होते; निघाली ती कुजबूज.

‘काय म्हणजे? तुम्हीच विचारलंत ना, कोण आहे म्हणून. म्हटलं, ऑफिसात कोण आलंय ते विचारताय. म्हणून सांगितलं.’

‘माझ्या वहीत तुम्ही कशा?’

‘तुमच्या?’ बाईंनी पडद्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. ‘सर, हे तुम्हीच जोडलंत. दोन वर्षं झाली. तुम्हाला निधनवार्ता फळ्यासाठी छापायच्या होत्या, तेव्हा इथं पडद्यावर तो चौकडीचा ठिपकेदार चौकोन आला, तुम्ही त्याच्यावर फोन धरलात. मी शेजारी उभी होते.’

‘मी ती खिडकी बंद केली होती. प्रत्येक वेळी बंद करतो.’

‘खिडकी बंद केली की नुसता पडदा जातो, सर. जोडणी तशीच राहते. मी रोज सकाळी उघडते की.’ त्यांनी हात पुढे केला. ‘फोन द्या.’

फोन दिला गेला. बाईंनी ‘जोडलेली डिव्हाइस’ म्हणून एक यादी काढून दाखवली. यादीत एकच नोंद होती: हा संगणक. शेवटची हालचाल आज, आत्ताच. या फोनमध्ये आपण जे जे टाकतो ते ते, गेली दोन वर्षे, या ट्यूबखाली येऊन पडते आहे, हे चिंतामणींना समजायला थोडा वेळ लागला. गॅस, चष्मा, उर्मट कारकून. अनुजा.

‘म्हणजे तुम्ही सगळं वाचलंत.’

‘मला वाटलं ते ऑफिसचं दप्तर आहे. पहिल्यांदा. निधनवार्ता सगळ्या तिथंच, मग काय वाटणार?’ बाई खुर्चीची पाठ धरून उभ्या होत्या. ‘मग घरचंही यायला लागलं. तेव्हा वाटलं, तुम्हाला तोंडानं सांगता येत नाही म्हणून तुम्ही तिथं लिहिता. मला दिसावं म्हणून.’

‘आणि तुम्ही मला स्मरणपत्रं काढलीत!’

‘तुम्हीच शिकवलंत. प्रलंबित काम दिसलं की वाट बघायची नाही, स्मरणपत्र काढायचं, मागचा संदर्भ द्यायचा. अनुजाताईंचं तीन वर्षं प्रलंबित होतं.’

त्यांच्या बोलण्यात उपरोध नव्हता. असता तर चिंतामणींना उत्तर देता आले असते. ते बाकावर बसले. पायरीवरून लवूंच्या खोकल्याचा आवाज आला.

‘आणि ती बातमी?’

बाईंनी पडद्यावरचा रकाना फाइलपर्यंत मागे नेला. ‘नवी फाइल आलेली दिसली. म्हटलं, छापायची असेल, म्हणून उघडली. इंग्रजी मला फारसं कळत नाही, सर. एक शब्द कळतो. माझ्या नवऱ्याच्या कागदावर तोच होता. त्यांनी पाकीट कपाटावर ठेवलं होतं. अडीच महिने. मी रोज त्याच्यावरची धूळ पुसायची, आणि परत ठेवायची.’

ट्यूब बारीक आवाज करत होती. ‘कोणता शब्द’ असे चिंतामणींनी विचारले नाही. टपाल-तिकिटाएवढ्या त्या चित्रात तो कुठे असेल, हे मात्र त्यांना एकदम कळल्यासारखे झाले.

‘मी स्मरणपत्र काढलं. तुम्ही उघडलंत नाही. मग नियम आठवला. आजार कळला की बातमी आधी शांतपणे लिहायची. लिहिली. म्हटलं, एरवी नाही तरी चूक काढायला तरी सर ती वाचतील.’

‘वय चुकवलंत.’

‘चुकवलं नाही.’ बाईंचा आवाज खाली गेला. ‘डिसेंबर तर जाईल, असं धरलं होतं.’

कोणी आपल्याला चार महिने दिले आहेत, मनापासून, काटकसर न करता दिले आहेत, आणि आपण ते शनिवारी खोडून टाकले आहेत. चिंतामणींनी बोटांवर महिने मोजले.

‘तारीख काय, कळतेच,’ बाई म्हणाल्या. ‘पण ‘त्यांच्या पश्चात’पुढे माझ्याकडे माहिती नाही. दप्तरात तुमच्या नावापुढे वारस कोरा आहे. अनुजाताईंचा नंबर जुन्या वहीत आहे. मी केला नाही. ते काही माझं काम नव्हे.’

चिंतामणींनी फोन हातात घेतला. शोधचौकटीत शब्द घालायची गरज पडली नाही. संगणकाच्या पडद्यावर बाईंनी ती फाइल आधीच समोर आणून ठेवली होती. त्यांनी फोनमध्येही ती काढली. आपल्याच आवाजात कोणी तरी मागून दोनदा बजावले असावे, तशा भावनेने त्यांनी तिच्यावर बोट ठेवले.

फाइल उघडली. शब्द दुसऱ्या पानावर होता.

*

परळच्या डॉक्टरांनी त्यांना आधी उशिराबद्दल चार शब्द सुनावले. चिंतामणी त्यावर तक्रार करू शकले नाहीत. मग डॉक्टर म्हणाले, ‘लवकर सापडलंय. सहा आठवडे किरणं घ्या, आवाजासकट वाचाल, अशी आशा आहे. अजून महिनाभर घरी बसला असतात तर असं म्हणालो नसतो.’ आणि त्यांनी एक छापील कागद पुढे केला. रुग्णाचे नाव, वय, पत्ता. खाली: जबाबदार नातेवाइकाचे नाव व सही.

ती जागाही कोरी होती.

रुग्णालयाच्या आवारात, पिंपळाच्या पाराला टेकून, चिंतामणींनी दादरचा तो नंबर लावला. तो त्यांना पाठ होता. घंटा सहा वेळा वाजली.

‘हॅलो, कोण?’

घसा आणि बाकीचे सगळे मिळून आडवे आले. शेवटी कुजबुजत म्हणाले, ‘मी आहे.’

पलीकडून, सहा वर्षे मागून कोणी बोलावे तसे: ‘दादा? आवाजाला काय झालं तुझ्या? … नको, बोलू नकोस. कुठं आहेस ते सांग फक्त.’

अनुजा आली. आल्या-आल्या तिने कागदावर सही केली आणि म्हणाली, ‘बघ, न वाचता केली. घाल परत सहा वर्षं वाळीत.’

*

किरणांच्या चौथ्या आठवड्यात चिंतामणींना बोलण्याची पूर्ण बंदी झाली. ते दुपारी घरी पडून राहत. एके दिवशी त्यांनी फोनमधली ती यादी पुन्हा काढली: जोडलेली डिव्हाइस, एक नोंद, शेवटची हालचाल आज. नोंदीवर टिचकी मारली की ‘लॉग आउट’ येई. एका स्पर्शाचे काम होते; मग वही पुन्हा त्यांच्या एकट्याची झाली असती, कोणीही न वाचणारी.

ते काही वेळ त्या शब्दाकडे पाहत राहिले. मग यादी मिटली आणि वहीत लिहिले:

‘आज गिळता येत नाही.’

दोन निळ्या खुणा. खोलीत पंखा फिरत होता. खालून भाजीवाल्याची हाक आली आणि गेली. थोड्या वेळाने खाली दुसरी चौकट उमटली, तीही हिरवी, तीही उजवीकडे, तीही त्यांच्याच नावाने.

‘पेज पातळ करून कोमट घेणे. अनुजाताईंना कळवले आहे.’

‘लवूकाकांचे वय?’

‘एक वर्ष पुढचे धरून ८२ केले. ते स्वतः येऊन बघून गेले. म्हणाले, अक्षर बारीक आहे.’

चिंतामणी हसले, हसण्याचाही आवाज निघाला नाही. त्यांनी बोटाने रकाना वर सरकवला. नोंदी, दुवे, फाइली, स्मरणपत्रे, प्रश्न, उत्तरे, सगळे एकाच रंगात, एकाच बाजूला. यातले कोणते आपण लिहिले आणि कोणते नाही, हे वेळ पाहून सांगता आले असते. महिना-दोन महिन्यांनी तेही सांगता येणार नव्हते.

वर, ऑगस्टातल्या त्या शनिवारी, बातमीच्या दोन प्रती होत्या. त्यांची ‘५७’ची होती ती त्यांनी बोट दाबून धरून पुसली. पुसताना, गिरगावातल्या त्या ट्यूबखाली ती त्याच क्षणी पुसली जात असेल, असे त्यांच्या मनात आले. दुसरी त्यांनी ठेवली. पद्धतीप्रमाणे मजकूर पुसायचा नसतो. बरा झाला तर तारा तेवढा काढायचा असतो.

त्यांनी पाहिले, तर तिच्यावर तारा नव्हता. तो कोणी काढला, की मुळात उमटवलाच नव्हता, हे त्यांना आठवेना. त्यांनी विचारलेही नाही.